पिकाच्या अवस्था आणि हवामान बदल: निबंधाचा आराखडा दाण्यांच्या हिशोबावर उभा करा

प्रश्न: फायनल इयरला आहे. हवामान बदलाचा पिकाच्या वाढीच्या अवस्थांवर होणारा परिणाम आणि त्यावरचे उपाय, असा निबंध द्यायचाय, साधारण २५०० शब्द. जे वाचतोय ते सगळं नुसती यादी वाटतंय, उगवणीवर हा परिणाम, फुलोऱ्यावर तो परिणाम, मग शेवटी दहा उपाय. आउटलाइन कशी करू की त्याला काही मुद्दा असेल?

उत्तर:

आधी एकच पीक धरा आणि एकच ताण धरा. भात, मका, सोयाबीन, पाऊस, कीड, कार्बन डायऑक्साइड हे सगळं २५०० शब्दांत कोंबलं की प्रत्येकाच्या वाट्याला चार ओळी येतात आणि मग ती यादीच होणार. मी गहू आणि तापमान घेऊन दाखवतो, कारण गव्हाच्या अवस्था डोळ्यांना स्पष्ट दिसतात, त्यावर काम भरपूर झालंय आणि उष्णतेचं नुकसान वेगवेगळ्या वाटांनी कसं येतं हे साध्या गुणाकारात मांडता येतं. तुमचं पीक दुसरं असलं तरी सांगाडा हाच चालेल.

आता मुद्दा. निबंधाचं मुख्य विधान असं ठेवा: उष्णता उत्पादनाचा कुठला घटक कमी करेल हे ती कुठल्या अवस्थेत आली त्यावर ठरतं, त्यामुळे उपायही अवस्थेप्रमाणे बदलतो, आणि एका अवस्थेचा उपाय दुसऱ्या अवस्थेत वाया जातो. हे एक वाक्य पहिल्या पानावर आलं की पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याला धरून लिहिता येतो आणि जो परिच्छेद त्याला जोडला जात नाही तो बिनधास्त काढून टाकता येतो.

पहिला भाग, हिशोबाचा. बहुतेक निबंध "गहू हे महत्त्वाचं अन्नधान्य आहे" इथून सुरू होतात, त्याची काही गरज नाही. तुम्ही उत्पादनाच्या फोडीपासून सुरू करा. गव्हाचं उत्पादन म्हणजे एका चौरस मीटरमध्ये ओंब्या किती, एका ओंबीत दाणे किती, आणि एका दाण्याचं वजन किती, या तिघांचा गुणाकार. उदाहरणासाठी सोपे आकडे धरू: ४०० ओंब्या, ओंबीत ४० दाणे, दाणा ४० मिलिग्रॅमचा. गुणाकार केला की चौरस मीटरला ६४० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ६.४ टन.

आता दोन शेतं डोळ्यासमोर आणा. पहिल्यात ओंब्या ४००, पण ओंबीत दाणे ३२ च, आणि दाणा थोडा जड, ४१ मिलिग्रॅम. हे झालं ५२५ ग्रॅम. दुसऱ्यात ओंब्या ४००, दाणे ४० पूर्ण, पण दाणा ३३ मिलिग्रॅमचा, बारीक आणि सुरकुतलेला. हे झालं ५२८ ग्रॅम. काट्यावर दोन्ही शेतं जवळजवळ सारखीच, हेक्टरी साधारण ५.३ टन, दोघांचंही नुकसान टनाच्या वर. पण पहिल्यात दाणे धरलेच नाहीत आणि दुसऱ्यात धरलेले दाणे भरलेच नाहीत. पहिल्याला उष्णता लागली फुलोऱ्याच्या आसपास, दुसऱ्याला दाणे भरताना. दुसऱ्या शेतात वेळेवर एक हलकं पाणी दिलं असतं तर थोडंफार वाचलं असतं, पहिल्यात त्या वेळी कितीही पाणी दिलं तरी न धरलेला दाणा परत येत नाही. ही दोन शेतं हाच तुमच्या निबंधाचा कणा, ती पहिल्या भागात मांडा आणि पुढे प्रत्येक अवस्थेला तोच प्रश्न विचारा की तिन्हीपैकी कुठला आकडा हलला.

ओंब्यांची संख्या मुख्यतः फुटव्यांच्या काळात ठरते. दाण्यांची संख्या कांडी धरल्यापासून फुलोरा संपेपर्यंत ठरते. दाण्याचं वजन फुलोऱ्यानंतर ठरतं, थोडासा पाया आधीच पडलेला असतो. अवस्था सांगताना "पेरणीनंतर ६० दिवसांनी" असं लिहू नका, अवस्थांना क्रमांक देणारी झाडॉक्सची दशांश पट्टी वापरा. ती १९७४ ची आहे आणि गव्हाच्या कामात सगळीकडे चालते. त्यात फुटवे विशीत येतात, कांडी धरणं तिशीत, पोटरी चाळिशीत, ओंबी निसवणं पन्नाशीत, फुलोरा साठीत आणि चिकाची अवस्था सत्तरीत. तापमान वाढलं की दिवस बदलतात पण अवस्थांचा क्रम बदलत नाही, म्हणून दिवसांवर बांधलेला निबंध याच विषयात सगळ्यात आधी कोसळतो.

दुसरा भाग, पिकाच्या घड्याळाचा. याला जरा जास्त जागा द्या कारण इथेच तुमचा निबंध बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसेल. पीक दिवस मोजत नाही, साठलेली उष्णता मोजतं. रोजचं कमाल आणि किमान तापमान घेऊन सरासरी काढायची, त्यातून पायाचं तापमान वजा करायचं (गव्हासाठी साधारणपणे शून्य अंश सेल्सिअस धरतात), आणि रोजची बेरीज करत जायचं. हे झाले उष्मांश-दिवस. प्रत्येक अवस्थेला ठरावीक उष्मांश-दिवस लागतात, तो आकडा वाणाप्रमाणे बदलतो.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवा, निबंधात असंच सोडवलेलं दिसलं पाहिजे. समजा एका वाणाला पेरणी ते फुलोरा १२०० उष्मांश-दिवस लागतात आणि फुलोरा ते पक्वता ७००. पहिल्या टप्प्याचं सरासरी तापमान १५ अंश असेल तर १२०० भागिले १५, म्हणजे ८० दिवसांत फुलोरा. दाणे भरतानाचं सरासरी तापमान २० अंश असेल तर ७०० भागिले २०, म्हणजे ३५ दिवस. आता सगळा हंगाम २ अंशांनी तापवा. फुलोरा १२०० भागिले १७, म्हणजे साधारण ७१ दिवसांत, ९ दिवस लवकर. आणि दाणे भरण्याचा काळ ७०० भागिले २२, म्हणजे सुमारे ३२ दिवस, ३ दिवस कमी.

बहुतेक जण इथे थांबतात आणि लिहितात की दाणे भरायला ३ दिवस कमी मिळाले म्हणून उत्पादन घटलं. थांबू नका, कारण यात एक गोष्ट राहून गेलीय. फुलोरा ९ दिवस लवकर आला म्हणजे तो हंगामाच्या थंड भागाकडे सरकला. समजा त्या काळात तापमान रोज ०.२ अंशाने चढत असतं. ९ दिवस आधी गेलं की १.८ अंश थंडावा मिळाला. हवा तापली २ अंशांनी, पीक सरकलं १.८ अंशांनी, म्हणजे दाणे भरताना पिकाला प्रत्यक्षात जाणवलेली वाढ ०.२ अंशच. दाणे भरण्याचा काळ मग ३२ वर येत नाही, जवळजवळ ३५ दिवसच राहतो. (बारीक हिशोब रोजच्या तापमानावर करायला लागतो, पण दिशा हीच.)

हे नुसतं कागदावरचं नाही. जर्मनीत १९५१ ते २००९ या काळातल्या हिवाळी गव्हाच्या नोंदींवर अभ्यास झालाय, त्यात हेच दिसलं की तापमान वाढत गेलं तरी ओंबी निसवण्याची वेळ अलीकडे अलीकडे सरकत गेली आणि फुलोऱ्याच्या आसपासचा उष्णतेचा ताण त्यामुळे बऱ्याच अंशी टळला. मग नुकसान कुठे गेलं? ते गेलं त्या ९ दिवसांत. पानांची संख्या साधारण उष्मांश-दिवसांवरच ठरते, त्यामुळे पानं जवळपास तेवढीच येतील, पण त्या पानांना ऊन खायला ८० ऐवजी ७१ दिवस मिळाले, म्हणजे तेवढा जैवभार कमी, खोडातला साखरेचा साठा कमी आणि दाणे कमी. हळूहळू वाढणारी सरासरी उष्णता पिकाला जाळत नाही, ती पिकाचं आयुष्य आखडते. हा फरक समजावून सांगितलात तर परीक्षकाला कळतं की यांनी नुसतं उतरवून काढलेलं नाही.

याच भागात दोन ओळी हिवाळी गव्हावर द्या. काही वाणांना फुलोऱ्याकडे वळण्याआधी काही आठवडे थंडी लागते, साधारण शून्य ते दहा अंशांची. हिवाळा सौम्य झाला की ही गरज उशिरा पूर्ण होते, मग वाढतं तापमान एकीकडे घड्याळ पळवतं आणि दुसरीकडे थंडीची कमतरता तेच घड्याळ अडवते. दिवसाच्या लांबीचाही वाटा असतोच आणि दिवसाची लांबी हवामान बदलाने हलत नाही, म्हणून दिवसाच्या लांबीला संवेदनशील वाण कमी सरकतात. एवढं पुरे, जनुकांच्या नावांत शिरू नका.

तिसरा भाग, अचानक येणाऱ्या उष्णतेच्या लाटेचा. वर जे सांगितलं ते सरासरीचं. लाटेचं गणित वेगळं, आणि इथे पीक सरकून सुटेलच असं नाही. लाट जर पोटरी ते फुलोरा या खिडकीत आली तर दाण्यांची संख्या जाते. पोटरीत असतानाच परागकण तयार होत असतात, फुलोऱ्याच्या साधारण आठवडा-दीड आठवडा आधी, आणि त्या वेळी ३० अंशांच्या वर तापमान गेलं की परागकण वांझ राहायला लागतात, जेवढं जास्त आणि जेवढे दिवस तेवढं वाईट. बाहेरून पीक हिरवंगार दिसतं, म्हणून शेतावर हे लक्षात येत नाही. ओळखायचं कसं, तर फुलोऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी ओंबी हातात घेऊन कणसुली, म्हणजे ओंबीतला दाणे धरणारा एकेक छोटा गुच्छ, बोटाने दाबून बघायची, मधल्या कणसुल्यांमध्ये दाणा नसेल आणि झाडाला पाणी-खत व्यवस्थित असेल तर संशय इथे घ्यायचा. पण एक अडचण निबंधात लिहाच: फुलोऱ्याच्या वेळचं हिमदव आणि बोरॉनची कमतरता हेही असाच वांझपणा आणतात, त्यामुळे नुसती रिकामी ओंबी बघून उष्णतेवर खापर फोडता येत नाही, त्या आठवड्याच्या तापमानाची नोंद सोबत लागते.

तीच लाट दाणे भरताना आली तर वजन जातं. पानं वेळेआधी पिवळी पडतात, प्रकाशसंश्लेषण थांबतं, आणि दाण्यात पिष्ट बनवणारी विकरंही जास्त उष्णतेत मंदावतात. प्रथिनांचं प्रमाण मात्र टक्क्यांत वाढलेलं दिसतं कारण पिष्ट कमी भरलेलं असतं, म्हणून "उष्णतेने गुणवत्ता सुधारते" असलं वाक्य लिहू नका, एका दाण्यातलं एकूण प्रथिन वाढलेलं नसतं. चिकाच्या सुरुवातीला आलेली लाट पक्वतेजवळ आलेल्या लाटेपेक्षा जास्त नुकसान करते, कारण भरायचं काम बरंच बाकी असतं.

सगळ्या जगाचा एक आकडा द्यायचा असेल तर २०१५ साली ३० गहू-मॉडेल एकत्र चालवून केलेल्या अभ्यासाचा द्या: जागतिक तापमान एका अंशाने वाढलं की गव्हाचं जागतिक उत्पादन साधारण ६ टक्क्यांनी घटतं. पण तो आकडा देऊन पुढे पळू नका, लगेच म्हणा की ही ६ टक्के घट म्हणजे आखडलेलं आयुष्य, कमी दाणे आणि हलके दाणे या सगळ्यांची मिळून झालेली बेरीज आहे, आणि जागेप्रमाणे हे मिश्रण बदलतं.

चौथा भाग उपायांचा, आणि इथे यादीचा मोह सगळ्यात जास्त होतो. तीनच उपाय घ्या आणि प्रत्येकाला वरच्या तीन आकड्यांपैकी एकाशी बांधा.

पहिला, पेरणीची तारीख आणि वाण, दोन्ही जोडीने. वरच्याच उदाहरणात फुलोरा १० दिवस अलीकडे आणला तर दाणे भरताना २ अंश थंडावा मिळतो, म्हणजे दाणे भरण्याच्या काळापुरती २ अंशांची वाढ भरून निघते. उलट बाजूने बघितलं तर आधीच्या पिकाची काढणी लांबली आणि फुलोरा १० दिवस उशिरा गेला, तर हवामान न बदलताही पिकाने २ अंश जास्त उष्णता स्वतःवर ओढवून घेतली. पण लवकर पेरणीला दोन कुंपणं आहेत. एक, पेरणीच्या वेळी जमीनच तापलेली असली तर फुटवे कमी येतात, म्हणजे दाण्याचं वजन वाचवायला गेलो आणि ओंब्यांचा आकडा गमावला. दुसरं, फुलोरा फार अलीकडे आला तर हिमदवात सापडतो. म्हणून लवकर पेरायचं तर वाण जरा उशिरा फुलणारा घ्यायचा, १२०० च्या जागी समजा १३०० उष्मांश-दिवसांचा, म्हणजे फुलोरा सुरक्षित खिडकीत येतो आणि वाढीचे हरवलेले दिवसही परत मिळतात. फक्त लवकर तयार होणारा वाण घेणं हा उपाय सगळे लिहितात. तो लाटेतून सुटतो हे खरं, पण आखडलेलं आयुष्य तो आणखी आखडतो, त्यामुळे उत्पादनाची कमाल मर्यादाच खाली येते. हा तोटा लिहिलात तर चर्चा खरी होईल.

दुसरा, दाणे भरताना पाणी. ओल असली की पानं बाष्पोत्सर्जन करत राहतात आणि पिकाचा वरचा थर हवेपेक्षा काही अंशांनी थंड राहतो. लाटेचा अंदाज आला की आधी हलकं पाणी देतात ते याच कारणासाठी. मर्यादा दोन. हवा दमट असली की हा थंडावा फारसा मिळत नाही, आणि जोराचा वारा असताना पाणी दिलं तर ओंबीच्या वजनाने पीक लोळतं, मग वाचवलेल्यापेक्षा जास्त जातं. हा उपाय दाण्याचं वजन वाचवतो, आधीच वांझ गेलेल्या कणसुल्यांना त्याचा काही उपयोग नाही.

तिसरा, वाणाचे गुण. इथे "उष्णता सहन करणारे वाण विकसित करावेत" एवढंच लिहून सोडू नका, कुठला गुण कुठला आकडा वाचवतो ते लिहा. पान उशिरापर्यंत हिरवं राहणं आणि खोडातली साठवलेली साखर दाण्याकडे वळवण्याची ताकद, हे दोन्ही दाण्याचं वजन वाचवतात. परागकण उष्णतेत टिकणं हा वेगळाच गुण, तो दाण्यांची संख्या वाचवतो, आणि पहिले दोन असले म्हणून हा असतोच असं नाही. पैदासकार इन्फ्रारेड थर्मामीटरने पिकाच्या वरच्या थराचं तापमान मोजून थंड राहणारे वाण निवडतात, ते मोजायला सोपं आहे, पण त्यात मुळांची खोली आणि पाण्याची उपलब्धता दिसते, परागकणाचं काही कळत नाही. तुलनेसाठी एक ओळ भाताची द्यायला हरकत नाही: भातात फूल उमलताना तासाभरासाठी ३५ अंशांच्या वर तापमान गेलं तरी वांझपणा येऊ शकतो, म्हणून एका जंगली भातातला सकाळी लवकर फूल उघडण्याचा गुण लागवडीच्या भातात आणला गेलाय, म्हणजे फूल उष्णता सहन करत नाही, वेळ बदलून टाळतं.

पाचवा भाग छोटा ठेवा, पण काढू नका, टीकात्मक विचाराचे मार्क याच भागात असतात. इथे दोन गोष्टी बोला. एक, नोंदींमध्ये फुलोरा अलीकडे आलेला दिसला म्हणजे तो सगळा तापमानामुळे असं नाही, त्याच काळात वाणही बदलले आणि पेरणीच्या तारखाही बदलल्या, त्यामुळे तोच वाण आणि तीच पेरणीची तारीख धरून तुलना केलेला अभ्यास शोधा. एखादं गरम वर्ष म्हणजे हवामान बदल नाही, हवामानाची सरासरी ३० वर्षांची धरतात. दुसरी, कुठलाही चांगला सल्ला म्हणजे अनुकूलन नव्हे. एखादा उपाय आजच्या हवामानातही तेवढाच फायदा देत असेल आणि २ अंश वाढल्यावरही तेवढाच, तर ती चांगली शेती झाली, हवामान बदलाचं नुकसान त्याने कमी झालं असं म्हणता येत नाही. उपायाचा फायदा तापमान वाढेल तसा वाढतो का, ही कसोटी तुमच्या तिन्ही उपायांना लावून दाखवा. खताचा संतुलित वापर या कसोटीवर बहुधा टिकणार नाही, पेरणीच्या तारखेची आणि वाणाची जोडी टिकेल.

शब्दांची वाटणी सारखी करू नका. हिशोबाला ३००, घड्याळाला ७००, लाटेला ५००, उपायांना ७००, टीकेला २००, आणि शेवटाला जेमतेम १०० उरतील. त्या १०० मध्ये उपाय परत मोजू नका, एवढंच सांगा की तुमच्या उदाहरणातल्या शेताला नुकसान कुठल्या आकड्यातून होतंय आणि म्हणून तुम्ही तिघांपैकी कुठला उपाय आधी घ्याल.

आकृती एकच टाका. आडव्या अक्षावर पेरणीपासूनचे दिवस, उभ्या अक्षावर रोजचं सरासरी तापमान, आणि दोन वक्र, एक आत्ताचा, एक त्यावर २ अंश चढवलेला. खाली अवस्थांच्या दोन पट्ट्या, वरची ८० दिवसांच्या फुलोऱ्याची, खालची ७१ दिवसांच्या. प्रत्येक पट्टीच्या फुलोऱ्यापासून तिच्या तिच्या वक्रापर्यंत सरळ उभी रेघ काढा, मग दोन्ही रेघा जवळजवळ सारख्याच तापमानाला टेकलेल्या दिसतील. हाताने काढलीत तरी चालेल, अक्षांवर एककं लिहा आणि खाली एका ओळीत स्पष्ट करा की हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.